चौघांचा फ्लॅट आणि चाळीसची लाइन

पुण्यात कर्वेनगरच्या एका टू-बीएचके फ्लॅटमध्ये चौघे भाड्याने राहतात. एकजण आयटीत आहे, रात्री त्याच्या अमेरिकेतल्या टीमबरोबर मीटिंगा असतात. दुसरा राज्यसेवेची तयारी करतो आणि लेक्चर ऑनलाइन ऐकतो. तिसरा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. चौथ्याला जेवण झालं की हॉलमधल्या टीव्हीवर सिनेमा लागतो. वायफायची लाइन 40 एमबीपीएसची, बिलाचे सारखे चार भाग.

रात्री नऊनंतर मीटिंगमधला आवाज तुटायचा, लेक्चर गोल गोल फिरत राहायचं. संशय अर्थातच टीव्हीवर.

"अरे, तो सिनेमा बंद कर ना जरा!"

"का? मी काय कमी पैसे भरतो?"

खरं तर फुल एचडी सिनेमाला साधारण 5 एमबीपीएस पुरतात. मीटिंगला तीन-चार, लेक्चरला दोन-तीन. सगळं मिळून पंधराच्या आतच. मग उरलेल्या पंचवीसचं काय व्हायचं? भांडणाच्या भरात हा हिशेब कोणी मांडला नव्हता.

तो मांडला अभ्यास करणाऱ्याने. लॅपटॉपवर त्याने एक साधी कमांड चालू ठेवली:

```
ping 8.8.8.8
```

आपण पाठवलेल्या छोट्या संदेशाचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात, ते यात दिसतं. दुपारी आकडा 12-15 होता. संध्याकाळी टीव्ही सुरू झाला तरी तेवढाच. रात्री व्हिडिओवाला घरी आला, त्याने लॅपटॉप उघडला आणि आकडा 400 वर गेला. दिवसभराचं शूटिंग, जवळपास 40 जीबी, आपोआप क्लाउडवर चढायला लागलं होतं. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

अडचण अपलोडची होती. घरातून बाहेर जाणारा डेटा लाइनच्या क्षमतेपेक्षा वेगाने आला, की तो राउटरमध्ये किंवा फायबरच्या डब्यात रांगेत उभा राहतो. एकच खिडकी आणि पुढे पोत्यानं फॉर्म घेऊन आलेला माणूस, अशी गत. मीटिंगमधला आवाज त्याच्यामागे अडकतो. इतकंच नाही. डाउनलोड करतानाही आपलं यंत्र "मिळालं, पुढचं पाठव" अशा पोचा सतत पाठवत असतं. त्याही त्याच रांगेत रखडतात, म्हणून लेक्चरही थांबतं. या प्रकाराला तंत्रज्ञ 'बफरब्लोट' म्हणतात. शंभरचा प्लॅन घेतला असता तरी तो लॅपटॉप बहुधा शंभरही भरून टाकू शकला असता.

रविवारी चौघे राउटरचं पान उघडून बसले. पत्ता 192.168.0.1, पासवर्ड राउटरच्या पाठीवर. आधी प्रत्येक यंत्राला कायमचा आयपी पत्ता नेमून दिला, कारण तो बदलत राहिला तर मर्यादा भलत्याच यंत्राला लागते. मग Bandwidth Control मध्ये एकूण क्षमता 40 नव्हे, 36 भरली. हे महत्त्वाचं. लाइन काठोकाठ भरू दिली नाही, तर रांग आपल्या राउटरमध्येच राहते आणि आधी कोणाला सोडायचं हे आपल्या हातात येतं.

पहिला प्रयत्न सरळ वाटणीचा होता: प्रत्येकाला 9. सगळ्यांना न्याय्य वाटला, पण टिकला नाही. पहाटे घरात एकटाच जागा असलेला माणूसही नऊवरच अडकायचा आणि बाकीचे सत्तावीस वाया जायचे. म्हणून त्यांनी राउटरमधला दुसरा रकाना वापरला, किमान हमीचा. गर्दीत मीटिंगच्या लॅपटॉपला 6 आणि लेक्चरला 4 मिळणारच. लाइन मोकळी असेल तर कोणीही तीसपर्यंत जावं. कडक मर्यादा फक्त एक: व्हिडिओच्या लॅपटॉपचं अपलोड 20. 40 जीबी चढायला आधी सव्वादोन तास लागायचे, आता साडेचार लागतात. सकाळी क्लायंटला लिंक द्यायची असल्याने त्याला ते चाललं. पिंगचा आकडा रात्रीही विशीच्या आसपास राहू लागला.

आठवड्याभरात एक पळवाट सापडली. हल्लीचे फोन खरा हार्डवेअर पत्ता लपवून वायफायला बनावट पत्ता देतात. फोनमधली ती सेटिंग बदलली, की तोच फोन राउटरला नवा पाहुणा वाटतो आणि नियमातून सुटतो. मग यादीत नसलेल्या सगळ्या पत्त्यांसाठी एकच नियम केला: कमाल 5. मित्र राहायला आले तर त्यांनाही तोच.

एक तक्रार मात्र या कशानेच मिटली नाही. मागच्या खोलीत तरीही वेग दोन-तीनच यायचा. राउटरजवळ नेलं की तोच फोन तीस दाखवायचा, म्हणजे प्रश्न वाटणीचा नव्हता, मधल्या दोन भिंतींचा होता. तिथे मर्यादा वाढवून काही होत नाही. त्यांनी पॅसेजमधून लॅनची केबल ओढली, आणि तिचा खर्चही चौघांत वाटून घेतला.