माल गेटबाहेर, हिशेब आतच

पंप बनवणारा एखादा कारखाना कोल्हापुरातल्या फाउंड्रीकडून ५०० ओतीव बॉडी मागवतो, असं धरू. दर २०० रुपये. म्हणजे माल एक लाखाचा, १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,००० रुपये. नग मोजले, जीआरएन झाली, बिलही चढलं. मग मशिनवर पहिला काप बसतो आणि ४० नगांत ब्लोहोल उघडे पडतात. ओतकामाची ही जुनी खोड: दोष पोटात, वरून सगळं गुळगुळीत.

आता ईआरपीत आधी स्टोअरचं काम. हे ४० नग चांगल्या साठ्यातून रिजेक्शनच्या गोदामात हलवायचे. प्रत्यक्षात हे गोदाम म्हणजे शेडमधला लाल पट्टा मारलेला कोपरा असेल, पण संगणकात त्याला स्वतंत्र नाव हवंच. नाहीतर ५०० नग हाताशी आहेत असं समजून पंपांचे वायदे दिले जातात.

टेम्पोत माल चढला की परतीची नोंद मूळ जीआरएनवरूनच करावी. मधल्या काळात महाग खेप येऊन साठ्याचा सरासरी दर २१० झाला असेल आणि नोंद सुटी केली, तर साठ्यातून ८,४०० रुपये वजा होऊ शकतात. पुरवठादाराकडून मिळणार मात्र ८,०००. उरलेले ४०० कुठून आले, हे शोधत अकाउंटंट बसतो.

दुसरं काम डेबिट नोटचं. ८,००० अधिक १,४४० जीएसटी, एकूण ९,४४०; देणं उरतं १,०८,५६०. खरी मेख इथे आहे. डेबिट नोट काढली, पण मूळ बिलाला जोडली नाही, तर पुरवठादाराच्या खात्याची शिल्लक बरोबर दिसते आणि बिल मात्र पूर्ण रकमेचं उघडं राहतं. मुदत भरलेल्या बिलांची यादी काढून पैसे देणारा १,१८,००० देऊन मोकळा होतो. मुंबईत तयार झालेल्या ERPNextमध्ये या जोडणीसाठी Return Against हा रकाना आहे. थकबाकीच्या अहवालात बिलाशेजारी उणे ९,४४० एकटंच लोंबकळताना दिसलं, तर जोडणी राहिली असं समजावं. पैसे आधीच गेले असतील, तर ही रक्कम पुढच्या बिलात वळती करायची. पुढची ऑर्डर नसेल, तर परत मागायची.

खरेदीदाराची डेबिट नोट हा त्याच्या वह्यांचा कागद. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार कर कमी होतो तो पुरवठादाराच्या क्रेडिट नोटमुळे. ती मागून घ्यावी, आकडे जुळवावेत आणि घेतलेलं १,४४० रुपयांचं क्रेडिट उलटवावं.

महिनाअखेरीला रिजेक्शन गोदामाचा अहवाल हातात घेऊन लाल पट्ट्यापाशी जावं. कागदावर ४० नग आणि कोपरा रिकामा असेल, तर माल गेटपासवर गेला आहे, नोंद झालेली नाही.