कांद्याची बोली सुटल्यानंतर पैसे कुठे गळतात

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांदा ट्रॉलीत मोकळाच येतो. लिलाव ट्रॉलीभोवतीच होतो. मग गाडी भुईकाट्यावर भरलेली तोलायची, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी करायची, परत काट्यावर आणायची आणि हिशोबपट्टी घेऊन पैसे घ्यायचे. बोली सुटली की भाव ठरला, आता फक्त पैसे मोजायचे राहिले, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर शेतकऱ्याचं नुकसान बहुतेक वेळा या नंतरच्या दोन-तीन तासांत होतं.

आधी प्रतवारीबद्दल. कांद्याला कुणीतरी अधिकृत प्रत लावतं आणि त्यावरून भाव ठरतो, हा समज चुकीचा आहे. लिलावात प्रत ठरवते ती व्यापाऱ्याची नजर. आकार, रंग, सुकवण, पत्ती किती टिकली आहे, जोड कांदा आणि कोंब किती, एवढं तो दोन मिनिटांत पाहतो. ट्रॉलीत गोल्टी मिसळलेली दिसली की आत आणखी काय असेल या धास्तीने तो सगळ्याच मालाची बोली खाली ठेवतो. त्यामुळे गोल्टी आणि खाद घरीच वेगळी काढलेली बरी.

धास्तीचा दुसरा परिणाम म्हणजे वांधा. खळ्यावर अर्धी ट्रॉली रिकामी झाली की ऐकू येतं, ‘दादा, वरचा माल वेगळा, खालचा वेगळा. क्विंटलमागे शंभर कमी होतील.’ आता ऐकावंच लागेल असं शेतकऱ्याला वाटतं, कारण माल खाली पडलेला असतो. पण लिलावातला भाव सौदापट्टीवर लिहिलेला असतो आणि तो एकट्या खरेदीदाराला बदलता येत नाही. वांधा निघाला की खाली करणं तिथेच थांबवायचं आणि बाजार समितीच्या निरीक्षकाला बोलवायचं. तडजोड पटली नाही तर माल परत लिलावाला नेता येतो. मात्र आपला कांदा खळ्यावरच्या ढिगात मिसळला की पुरावाच उरत नाही. म्हणून बोलीच्या आधीच फाळका उघडून आतला माल दाखवावा. ज्याने तो पाहून बोली लावली, त्याच्या तक्रारीला फारसा आधार राहत नाही.

‘इलेक्ट्रॉनिक काटा आहे, चुकणार कसा?’ हा समजही सोडून द्यावा. भुईकाटा सहसा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्यानेच वजन दाखवतो. गाडी चढण्याआधी पडद्यावर शून्य आहे का, हे स्वतः पाहायचं. भरलेल्या वजनाला चालक गाडीवर बसला असेल तर रिकाम्या वजनालाही बसलेला हवा, खाली असेल तर दोन्ही वेळा खाली. भरलेल्या वजनाला खाली आणि रिकाम्या वजनाला वर असं झालं तर त्याचं सगळं वजन कांद्यातून वजा होतं. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा लागतो आणि तो कुणीही पाहू शकतो.

एक हिशेब मांडून पाहू. भरलेली गाडी ६,०१० किलो, रिकामी ३,५७० किलो, म्हणजे कांदा २,४४० किलो. सौदा १,४५० रुपये क्विंटलने झाला, तर रक्कम ३५,३८० रुपये. हमाली-तोलाई क्विंटलमागे दहा रुपये धरली तर २४४ रुपये वजा होऊन हातात ३५,१३६ यायला हवेत. आता क्विंटलमागे एक किलो ‘कडता’ कापला तर सुमारे ३५४ रुपये गेले. वांध्यात शंभर रुपये सोडले तर २,४४० गेले. हमालीवर वाद घालणारे पुष्कळ असतात, पण खरी गळती तिच्या दसपट असू शकते.

कपातीचा नियम साधा आहे. बाजार समितीच्या उपविधीत मंजूर असलेली हमाली, तोलाई, वाराई तेवढीच शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची. बाजार फी खरेदीदाराने भरायची. फळं आणि भाजीपाल्याची आडतही २०१६ पासून राज्यात खरेदीदाराकडून घ्यायची आहे, आणि कांदा त्यातच येतो. कडता ही ‘जुनी पद्धत’ असल्याचं सांगितलं जातं, पण मोकळ्या मालाला बारदानच नसतं, मग वजनात घट कशाची? हमाली घेतली, पावती नाही, असं चालू द्यायचं नाही. प्रत्येक कपात पट्टीवर आपापल्या नावाने लिहून घ्यायची.

शेवटचा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो: चेक हातात आला म्हणजे पैसे मिळाले. विक्रीच्या दिवशीच रक्कम चुकती करणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे शेतकऱ्याने बिनव्याजी दिलेली उधारी. रक्कम थकली तर त्याच दिवशी बाजार समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, कारण परवानाधारक व्यापाऱ्यावर कारवाईचे अधिकार समितीकडे असतात. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर फौजदारी तक्रारीची वाट अवघड होते. आणि या प्रत्येक ठिकाणी सौदापट्टी, दोन्ही वजनांची काटापट्टी आणि हिशोबपट्टी हे तीन कागद मागितले जातात.