कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का?

मतदार यादीत नाव कसं शोधायचं, हे दाखवणाऱ्या व्हिडिओची सुरुवात एका गोष्टीने व्हायला हवी: मतदानाचा हक्क मिळतो तो यादीतल्या नावामुळे, कार्डामुळे नाही. कार्ड घरी राहिलं तर आयोगाने मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. पण यादीत नाव नसेल, तर हातात कार्ड असूनही केंद्रावरून परत यावं लागतं.

शोध घ्यायचा तो निवडणूक आयोगाच्या electoralsearch.eci.gov.in या पानावर. तिथे तीन वाटा आहेत: कार्डावरचा क्रमांक, स्वतःचा तपशील किंवा मोबाइल क्रमांक. कार्ड हाताशी असेल तर पहिली वाट सरळ. क्रमांक टाकायचा, राज्य निवडायचं, चित्रातली अक्षरं जशीच्या तशी भरायची आणि शोधायचं. मोबाइलची वाट मात्र तो क्रमांक आपल्या नोंदीला जोडलेला असेल तरच उपयोगी.

खरी अडचण येते तपशिलाने शोधताना. समजा, सांगलीच्या एक बाई लग्नानंतर पुण्यात आल्या. त्या पुणे जिल्हा निवडतात, सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव भरतात; नोंद सापडत नाही. नाव कापलं गेलं, असं त्यांना वाटतं. पण नोंद अजून सांगलीतच असेल, तर ती माहेरच्या आडनावाने आणि वडिलांच्या नावाखाली असणार. तसा शोध घेतला की ती समोर येते. म्हणून ‘नाही’ असं उत्तर आलं की आधी जुना पत्ता, जुनं आडनाव आणि नावाचं वेगळं स्पेलिंग घालून पाहावं. व्हिडिओत हा फसलेला शोधही जरूर दाखवावा, कारण बहुतेक माणसं इथेच हात टेकतात.

नोंद सापडल्यावर विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र टिपून ठेवावं. या बाईंनी पुण्यात नोंद हलवण्यासाठी नमुना ८ भरायचा. नाव-पत्त्याच्या दुरुस्तीलाही तोच. यादीत कुठेच नाव नसेल तर नमुना ६. हे अर्ज voters.eci.gov.in वर किंवा आपल्या भागातल्या बीएलओंकडे देता येतात. इंटरनेट नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारता येतं.

अर्ज दिला म्हणजे नाव लागलं असं नाही. पडताळणी होते, हरकतींना वाव असतो. त्यामुळे अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा शोध घ्यावा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ केली तर उमेदवारी अर्जांच्या मुदतीपाशी यादीचं दार बंद होतं.

महापालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक असेल तर आणखी एक तपासणी लागते. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभेचीच यादी प्रभाग किंवा गटांनुसार फोडली जाते, आणि या फोडणीत नाव शेजारच्या प्रभागात जाऊ शकतं. त्या प्रारूप याद्या हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हाच आपलं नाव योग्य प्रभागात आहे का ते पाहून घ्यावं.