भाड्याच्या क्लाउड संगणकामार्फत मोठी फाईल उतरविणे

भाड्याच्या क्लाउड संगणकामार्फत मोठी फाईल उतरविणे ही एखादी अतिशय मोठी फाईल दोन टप्प्यांत मिळविण्याची पद्धत आहे. पहिल्या टप्प्यात तासाच्या भाड्याने घेतलेल्या, वेगवान जोडणी असलेल्या दूरस्थ संगणकावर मूळ सर्व्हरवरून फाईल उतरवून घेतली जाते. दुसऱ्या टप्प्यात तीच फाईल त्या संगणकावरून घरच्या संगणकावर आणली जाते. नाशिकमधील वापरकर्त्याला असे संगणक मुंबईत व पुण्यात, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास, भाड्याने मिळू शकतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचे पुणे केंद्र त्याआधी, २०१५ मध्ये.

या पद्धतीविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो, तो आधीच दूर केलेला बरा. क्लाउड संगणक घेतल्याने घरची जोडणी वेगवान होत नाही. घरी येणारी प्रत्येक फाईल अखेर त्याच तारेतून येते. या पद्धतीने साधते ते एवढेच, की लांबचा व बेभरवशाचा प्रवास दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तम तारेवरून उरकला जातो आणि घरापर्यंतचा शेवटचा प्रवास जवळचा व आपल्या ताब्यातला होतो.

## अंतराचा वेगाशी संबंध

घरची जोडणी सेकंदाला ४० मेगाबिटची असूनही परदेशातील सर्व्हरवरून फाईल रखडत येते, याचा अनुभव अनेकांना असतो. कारण आंतरजालावरील फाइली टीसीपी नावाच्या ज्या नियमावलीने सहसा पाठविल्या जातात, तिच्यात पाठविणारा सर्व्हर माहितीचे काही तुकडे पाठवितो आणि ते पोहोचल्याची पोच येण्याची वाट पाहतो. पोच वेळेवर आली तर तो पुढच्या खेपेस अधिक तुकडे पाठवितो. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर ती गर्दीची खूण समजून तो वेग एकदम कमी करतो आणि पुन्हा हळूहळू वाढवीत नेतो.

ही वाढ पोच परत येण्याच्या वेळेवर अवलंबून असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पोच येण्यास सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मुंबईहून नाशिकला दहा-पंधरा मिलिसेकंदांत काम होते. त्यामुळे घरातील वाय-फायवर तुकडे हरवण्याचे प्रमाण दोन्ही वेळी सारखेच असले, तरी मुंबईहून येणारा प्रवाह त्या धक्क्यातून कितीतरी लवकर सावरतो आणि परदेशाहून येणारा प्रवाह सावरतो न सावरतो तोच दुसरा तुकडा हरवलेला असतो. पाठविण्याच्या वेगावर नियंत्रण ठेवणाऱ्या काही नव्या पद्धतींत हा दोष कमी आहे, पण त्या वापरायच्या की नाही हे मूळ सर्व्हर चालविणारे ठरवितात. घेणाऱ्याच्या हाती ते नसते.

## एक उदाहरण

किविक्स हा २००७ मध्ये सुरू झालेला मुक्त प्रकल्प विकिपीडियाच्या संपूर्ण प्रती एकेका फाइलीत उपलब्ध करून देतो. त्या नंतर आंतरजालाशिवाय वाचता येतात. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील ज्या पाड्यांवर मोबाइलची रेंज धड मिळत नाही, तेथील शाळेसाठी अशी प्रत फार मोलाची ठरते. मराठी विकिपीडियाची प्रत तुलनेने लहान असल्याने ती थेट उतरविणेच सोपे. मात्र जानेवारी २०२४ ची चित्रांसह संपूर्ण इंग्रजी प्रत सुमारे ११० गिगाबाईटची आहे. (सर्व्हरच्या यादीत हाच आकार १०२ असा दिसतो, कारण तेथे गिगाबाईट १०२४ च्या पटीत मोजलेला असतो. फाईल अर्धवट आली असे समजून घाबरण्याचे कारण नाही.)

समजा, नाशिक शहरातील एखादे शिक्षक ही प्रत घेऊ इच्छितात. पहिली पायरी म्हणजे मोजमाप. पुढील आज्ञा एक मिनिटभर फाईल आणून टाकून देते आणि सरासरी वेग दाखविते:

```
curl -L -o /dev/null --max-time 60 https://download.kiwix.org/zim/wikipedia/wikipedia_en_all_maxi_2024-01.zim
```

फाइलीच्या नावातील वर्ष व महिना नव्या आवृत्तीनुसार बदलतात. जुनी आवृत्ती कालांतराने काढून टाकली जाते. दाखविलेला वेग बाईटमध्ये असतो, तर जोडणी विकताना कंपन्या बिटमध्ये आकडा सांगतात, म्हणून तुलनेसाठी त्याला आठाने गुणावे.

उत्तर सेकंदाला १ मेगाबाईट, म्हणजे ८ मेगाबिट आले असे धरू. या वेगाने ११० गिगाबाईटला साडेतीस तास लागतील. घरची जोडणी ४० मेगाबिटची असेल, तर तिचा पाचवा हिस्साच वापरला जात आहे. आता मुंबईतील भाड्याच्या संगणकाने सेकंदाला ५० मेगाबाईटने फाईल उतरविली, तर पहिला टप्पा ३७ मिनिटांत संपतो. दुसऱ्या टप्प्यात ४० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहिली, तरी सहा तास सात मिनिटे लागतातच. एकूण वेळ पावणेसात तास.

याउलट, थेट वेगच ३८ मेगाबिट आला असता तर फाईल सहा तास सव्वीस मिनिटांत थेट घरी आली असती आणि भाड्याचा संगणक घेणाऱ्याने पैसे देऊन अठरा मिनिटे गमावली असती. म्हणून मोजल्याशिवाय ही पद्धत वापरू नये. शिवाय किविक्सची फाईल टॉरेंटनेही मिळते आणि ती अनेक ठिकाणांहून एकाच वेळी येत असल्याने अंतराची अडचण पुष्कळशी आपोआप सुटते. तो मार्ग उपलब्ध असेल तर आधी तोच वापरून पाहावा. दोन टप्प्यांची पद्धत जेथे फाईल एकाच दूरच्या सर्व्हरवर असते किंवा दुवा थोड्याच तासांत निरुपयोगी होणार असतो, तेथे खरी उपयोगी पडते.

## पहिला टप्पा

भाड्याचा संगणक निवडताना नवखा माणूस हटकून चुकतो ती गोष्ट म्हणजे साठवणीची जागा. अशा संगणकाला मुळात दिलेली डिस्क अनेकदा ८ किंवा २५ गिगाबाईटचीच असते. फाईल बऱ्यापैकी उतरल्यावर `No space left on device` असा संदेश येतो आणि तोवरचे श्रम वाया जातात. वरील उदाहरणासाठी १५० गिगाबाईटची डिस्क मागावी.

संगणकाशी एसएसएचने जोडून घेतल्यावर आधी `tmux` सुरू करावे व त्याच्या आत फाईल उतरवावी:

```
ssh ubuntu@203.0.113.10
tmux
wget -c https://download.kiwix.org/zim/wikipedia/wikipedia_en_all_maxi_2024-01.zim
```

येथील आकडी पत्ता केवळ नमुन्याचा आहे. `tmux` वगळल्यास घरची वीज जाताच एसएसएचची जोडणी तुटते आणि तिच्याबरोबर फाईल उतरविणारी आज्ञाही थांबू शकते. `tmux` वापरल्यास ती मुंबईत चालूच राहते. वीज आल्यावर `tmux attach` म्हटले की काम कोठवर आले ते दिसते. `-c` या चिन्हामुळे अर्धवट फाईल पुढे चालू करता येते.

सर्वांत स्वस्त संगणकांचा वेग पहिली काही मिनिटे भरपूर असतो आणि मग एकाएकी घसरतो. हा बिघाड नव्हे. लहान संगणकांना वेगाची शिल्लक दिलेली असते; ती संपली की ठरलेला मूळ वेगच मिळतो. ११० गिगाबाईटसाठी ही शिल्लक पुरेलच असे नाही, म्हणून वरील ३७ मिनिटांचा हिशेब मध्यम आकाराच्या संगणकाचा समजावा.

फाईल आली की तिची तपासणी तेथेच करावी:

```
sha256sum wikipedia_en_all_maxi_2024-01.zim
```

येणारी ६४ अक्षरांची ओळ किविक्सने फाइलीच्या नावापुढे `.sha256` जोडून दिलेल्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. एकही अक्षर वेगळे असल्यास फाईल घरी आणू नये. सदोष फाईल आणण्यात सहा तास घालविण्यापेक्षा पहिला टप्पा पुन्हा केलेला परवडतो.

## दुसरा टप्पा

घरच्या संगणकावर पुढील आज्ञा द्यावी. विंडोज वापरणाऱ्यांना त्यासाठी डब्ल्यूएसएल बसवावे लागते.

```
rsync --partial --append-verify --progress ubuntu@203.0.113.10:wikipedia_en_all_maxi_2024-01.zim .
```

जोडणी तुटल्यास हीच आज्ञा पुन्हा द्यावी. आलेला भाग तसाच ठेवून प्रत पुढे चालू होते आणि शेवटी संपूर्ण फाईल ताडून पाहिली जाते. साध्या `scp` मध्ये ही सोय नाही. पाचव्या तासाला तार तुटली तर पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. `rsync` मध्ये `-z` हे दाबून पाठविण्याचे चिन्ह देण्याची सवय अनेकांना असते. येथे ते देऊ नये, कारण फाईल मुळातच दाबलेली असल्याने आकार कमी होत नाही, संगणकाचे श्रम मात्र वाढतात.

घरी आल्यावर `sha256sum` पुन्हा चालवून तीच ओळ येते का ते पाहावे.

शाळेत नेण्यासाठी फाईल पेनड्राइव्हवर घेताना भरपूर जागा असूनही फाईल फार मोठी असल्याची तक्रार संगणक करतो, तेव्हा दोष फाइलीचा नसतो. फॅट३२ रचनेच्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाईटहून मोठी एक फाईल मावत नाही. तो आधी एक्सफॅट रचनेत फॉरमॅट करून घ्यावा लागतो, आणि तसे करताना त्यावरील जुना मजकूर पुसला जातो.

## खर्च व मर्यादा

क्लाउड संगणकात आत येणाऱ्या माहितीला सहसा पैसे पडत नाहीत. बाहेर जाणाऱ्या माहितीला पडतात. ॲमेझॉनच्या २०२४ मधील दरांनुसार महिन्याला पहिले १०० गिगाबाईट बाहेर नेणे विनामूल्य होते व मुंबई केंद्रातून त्यापुढील प्रत्येक गिगाबाईटला सुमारे ११ सेंट पडत. वरील फाइलीसाठी हा आकार १ डॉलरच्या आसपास येतो. हीच फाईल चार वेळा आणली तर मात्र खर्च ३७ डॉलरवर जातो, म्हणून दुसऱ्या टप्प्यात शून्यापासून आरंभ करावा लागणे केवळ वेळखाऊ नव्हे, महागही आहे. काही सेवांत भाड्यातच ठराविक वाहतूक धरलेली असते.

ज्यांच्याकडे केवळ दिवसाला २ गिगाबाईटचा मोबाइल पॅक आहे, त्यांना या पद्धतीचा लाभ नाही. त्यांना ११० गिगाबाईट आणण्यास ५५ दिवस लागतील आणि तितके दिवस मुंबईतील डिस्कचे भाडे चालू राहील. त्यांनी हार्ड डिस्क घेऊन एसटीने ब्रॉडबँड असलेल्या परिचिताकडे जाणे हाच जलद मार्ग आहे.

घरची प्रत ताडून झाल्यावर भाड्याचा संगणक काढून टाकावा. तो नुसता थांबविल्यास काही सेवांत संगणकाचे भाडे थांबते, परंतु १५० गिगाबाईटच्या डिस्कचे चालूच राहते. काही सेवांत संगणक काढल्यावरही वेगळी जोडलेली डिस्क शिल्लक उरते. तेव्हा यादीत डिस्कच्या सदरात काही राहिलेले नाही, हे पाहूनच खाते बंद करावे.