कंसातला 'अर.' काय सांगतो? शब्दकोशातली एक नोंद कशी वाचावी

कुस्तीच्या बातमीत नेहमी एक वाक्य असते : 'मल्लाने मानाचा किताब पटकावला.' ज्या घरात उर्दू किंवा दखनी बोलली जाते त्या घरातले मूल हे वाक्य वाचून गोंधळते. कुस्ती जिंकल्यावर पुस्तक कशासाठी देतात? शब्दाचा अर्थ आपल्याला येतो असे त्याला वाटत असते, म्हणून ते शब्दकोश उघडतच नाही. उघडला तरी 'पु.', '[अर.]', '(ल.)' अशा खुणा पाहून मिटून ठेवते.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावात आम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. आमचा अनुभव असा की, आपल्या मुलांना अवघड मराठी शब्द फारसे अडवत नाहीत. अडवतात ते ओळखीचे शब्द. म्हणून आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला कोशातली नोंद कशी वाचायची ते येथे सांगत आहोत. पालकांनी हे मुलांना शेजारी बसवून वाचून दाखवावे.

आधी मूळ शब्द शोधा

धड्यात शब्द जसा येतो तसाच तो कोशात सापडत नाही. नाम प्रथमेच्या एकवचनात दिलेले असते. 'फुलांनी' शोधायचे तर 'फूल' पाहावे, आणि फ ला दीर्घ ऊकार आहे हे ध्यानात ठेवावे. क्रियापद 'णे' लावून दिलेले असते. 'गेला' हा शब्द 'ग' मध्ये मिळणार नाही, तो 'जाणे' या नोंदीत आहे. शब्दाची विभक्ती आणि काळ काढून टाकल्यावर जे उरते तेच कोशाच्या दारावरचे नाव.

कोश जुना असेल तर आणखी एक अडचण येते. १९६२ साली मराठी लेखनाचे नियम बदलले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या कोशात 'करणे' हे 'करणें' आणि 'नाव' हे 'नांव' असे छापलेले असते. शब्द दिसला नाही तर एकदा अनुस्वार देऊन पाहावा.

एक नोंद, तिचे भाग

आता 'किताब' घेऊ. कोशांच्या पद्धतीने आम्ही दोन नमुना नोंदी लिहिल्या आहेत :

किताब (१) – स्त्री. पुस्तक, ग्रंथ. [अर. किताब]

किताब (२) – पु. पदवी, बहुमान. [अर. खिताब]

शब्द एकच, मग नोंदी दोन का? कारण हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत येताना ते एकाच उच्चाराचे आणि एकाच लेखनाचे झाले. ही गोष्ट चौकोनी कंस सांगतो. पहिला शब्द अरबी 'किताब'. 'कातिब' आणि 'मकतब' त्याच धातूचे, म्हणजे लिहिण्याच्या घरातले. दुसरा शब्द अरबी 'ख़िताब'. 'खुतबा' आणि 'खतीब' त्याच्या घरातले, म्हणजे संबोधण्याच्या, बोलण्याच्या. ज्या नावाने एखाद्याला मानाने संबोधायचे ती पदवी म्हणजे ख़िताब. मराठीत 'ख' चा 'क' झाला आणि तो 'किताब' म्हणून रुळला.

मल्लाला मिळतो तो दुसरा किताब. वाक्यात हे ओळखायचे कसे? त्यासाठी 'पु.' ही खूण आहे. बातमीत 'मानाचा किताब' असे आहे, 'मानाची किताब' नाही. म्हणजे शब्द पुल्लिंगी आहे, आणि पुल्लिंगी नोंद दुसरी. लिंगाची खूण फक्त व्याकरणाच्या प्रश्नासाठी नसते, कोणती नोंद वाचायची तेही ती ठरवते.

खुणांची किल्ली पहिल्या पानांत

नोंदीच्या सुरुवातीला शब्दाची जात असते : 'पु.' म्हणजे पुल्लिंगी नाम, 'स्त्री.' स्त्रीलिंगी, 'न.' नपुंसकलिंगी, 'वि.' विशेषण, 'क्रिवि.' क्रियाविशेषण. कंसातल्या खुणांत 'सं.' म्हणजे संस्कृत, 'अर.' अरबी, 'फा.' फारसी, 'हिं.' हिंदी, 'इं.' इंग्रजी.

येथे मुले हमखास चुकतात. 'वि.' ला विशेषनाम समजतात. 'स.' आणि 'सं.' यांत फक्त अनुस्वाराचा फरक आहे, पण एक व्याकरणाची खूण असते आणि दुसरी संस्कृतची. 'अ.' ही खूण एका कोशात अव्ययाची असते, तर दुसऱ्यात अकर्मकाची किंवा अरबीचीही असू शकते. म्हणून अंदाज करू नये. प्रत्येक कोशाच्या सुरुवातीच्या पानांत संक्षेपांची यादी असते. ती एकदा वहीत उतरवून घ्यावी. एका कोशाची यादी दुसऱ्याला लावू नये.

उर्दू लुग़त पाहण्याची सवय असलेल्या घराला हे नवे नाही. तेथेही शब्दापुढे कंसात 'ऐन' असला की अरबी, 'फ़े' असला की फारसी, आणि मुज़क्कर-मोअन्नस यांच्या खुणा वेगळ्या असतात. पद्धत तीच आहे, अक्षरे बदलली.

मूळ वेगळे, आजचा अर्थ वेगळा

चौकोनी कंसाचा एक गैरवापरही होतो, आणि तो आपल्याच मुलांकडून जास्त होतो. कंसात अरबी शब्द दिसला की ती म्हणतात, 'हा तर आम्हाला येतो,' आणि अर्थ न वाचताच पुढे जातात. 'खुलासा' पाहा.

खुलासा – पु. स्पष्टीकरण, उलगडा. [अर. खुलासा = सार]

अरबीत आणि उर्दूत खुलासा म्हणजे सार, सारांश. उर्दूच्या पेपरात धड्याचा खुलासा लिहायला सांगितले तर सारांश लिहायचा. मराठीत मात्र कार्यालयाने कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवला तर त्याने सारांश द्यायचा नसतो, 'असे का झाले' ते सांगायचे असते. उर्दूचा अर्थ धरून मराठीचे उत्तर लिहिले तर सगळे उत्तर चुकते, आणि चूक कुठे झाली ते मुलाला कळतही नाही.

'तक्रार' चेही तसेच. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. उर्दूत ती वादावादी, हुज्जत झाली. मराठीत ती गाऱ्हाणे झाली. एकच शब्द तीन मुक्कामांवर तीन अर्थांचा आहे. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी अर्थ वाचावा, मग कंस. कंस शब्दाचे गाव सांगतो, आज तो काय काम करतो ते अर्थात असते.

आकडे, शून्य आणि गोल कंस

आता थोडी मोठी नोंद, पुन्हा नमुन्याची :

नजर – स्त्री. १ दृष्टी. २ लक्ष, देखरेख. ३ (ल.) पारख. ०कैद – स्त्री. ठरावीक जागेबाहेर जाऊ न देणारा पहारा. वाप्र. ०चुकविणे – दिसू न देणे. [अर. नझर]

१, २, ३ हे एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ. मुले पहिला अर्थ उतरवून मोकळी होतात. 'पोरांवर नजर ठेव' यात पहिला अर्थ बसवून पाहिला तर वाक्य ओढूनताणून लागते. दुसरा सहज लागतो. म्हणजे प्रत्येक अर्थ वाक्यात ठेवून पाहायचा. '(ल.)' म्हणजे लाक्षणिक. 'त्याला कापडाची चांगली नजर आहे' यात डोळ्यांचे कौतुक नाही, पारखीचे आहे. '०' हे शून्य म्हणजे मूळ शब्द पुन्हा वाचावा : '०कैद' म्हणजे 'नजरकैद'. 'वाप्र.' म्हणजे वाक्प्रचार.

आता 'नजराणा' याच नोंदीत असेल असे वाटते. पण नजराणा पाहण्याशी संबंधित नाही. तो अरबी 'नझ्र', म्हणजे अर्पण, भेट, या शब्दाला फारसी 'आना' जोडून झाला. उर्दूत एक नज़र 'ज़ोय'ने लिहितात आणि दुसरी नज़्र 'ज़ाल'ने, म्हणून गोंधळ होत नाही. देवनागरीत दोन्हींना 'ज' च लागतो. तेथे कंसच फरक दाखवतो.

शिक्का म्हणजे बंदी नव्हे

गोल कंसात आणखी शिक्के असतात : '(काव्य)' म्हणजे कवितेत येणारा, '(ग्राम्य)' म्हणजे शिष्ट लेखनात न वापरला जाणारा, '(व.)' वऱ्हाडी, '(गो.)' गोमंतकी. शब्द कुठे आणि कोणत्या प्रसंगी वापरतात ते हे शिक्के सांगतात. तो चूक आहे असे ते म्हणत नाहीत. ग्राम्य शब्द अर्जात लिहू नये, पण गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी तो शोभतो. आणि '(व.)' म्हणजे तो शब्द दुसरीकडे नाहीच असेही नाही. कोशकाराला तो जिथून मिळाला तिथला शिक्का त्याने मारला.

सर्वांत मोठा गैरसमज '[अर.]' आणि '[फा.]' यांबद्दल आहे. हे शब्द 'शुद्ध' नाहीत असे समजून मुले निबंधातून ते खोडतात. कोशकारांनी असे समजलेले नाही. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्याने अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्दांपुढे त्या त्या भाषेचे इंग्रजी आद्याक्षर टाकले, आणि शब्द मराठीचे म्हणूनच घेतले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, त्यांतही तेच. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी तर १९२५ मध्ये मराठीतल्या अशा शब्दांसाठी स्वतंत्र 'फार्शी-मराठी कोश' केला.

दात्यांच्या कोशात अर्थापुढे 'ज्ञा', 'तुगा', 'रा' अशीही अक्षरे दिसतात. 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, 'तुगा' तुकारामांची गाथा, 'रा' राजवाड्यांनी छापलेली जुनी कागदपत्रे. तो शब्द त्या ठिकाणी वापरलेला आहे, याचा हा पुरावा. अरबी-फारसी शब्दांपुढे असे पुरावे जागोजागी मिळतात.

मोल्सवर्थ आणि दाते हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे जाड खंड घरी नसले तरी मोबाइलवर काम भागते. तेथे जुने लेखन तसेच आहे, म्हणून अनुस्वाराचे वर सांगितलेले विसरू नये.

सरावासाठी मुलाला चार शब्द द्यावेत : मजकूर, शिकस्त, खलबत, जाहिरात. प्रत्येकाचे घरात चालणारे किंवा उर्दूतले रूप आणि अर्थ आधी त्याला विचारावा, मग मराठी कोशातला अर्थ, लिंग आणि कंस वहीत लिहायला सांगावे. 'शिकस्त' पाशी ते थांबेल. उर्दूत शिकस्त म्हणजे हार, आणि मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे होता होईल तेवढा प्रयत्न. तेथे उत्तर लगेच सांगू नये. कंस त्यालाच वाचू द्यावा.