गोळी ओंडक्यात रुतते तेव्हा

दोरीला टांगलेल्या लाकडी ओंडक्यात बंदुकीची गोळी घुसते आणि आतच अडकून बसते. ओंडका गोळीसकट झोका घेतो. गोळी 10 ग्रॅमची, ओंडका आणि गोळी मिळून 4 किलो, गोळीचा वेग सेकंदाला 400 मीटर. ओंडका किती उंच जाईल?

अकरावी-बारावीच्या वर्गात या प्रश्नावर बरीच मुलं थेट ऊर्जेकडे वळतात. गोळीची गतिज ऊर्जा 800 ज्यूल आहे, ती सगळी उंची गाठण्यात खर्च झाली असं धरायचं आणि उंची काढायची. उत्तर येतं 20 मीटरहून थोडं जास्त. म्हणजे चार किलोचं लाकूड सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत उडायला हवं! प्रत्यक्षात ते जेमतेम 5 सेंटिमीटर वर उचललं जातं. आकडेमोड कुठेच चुकलेली नसते. चुकलेला असतो तो नियम, किंवा नेमकं सांगायचं तर त्या नियमाची वेळ.

हा प्रयोग काही पुस्तकात भरण्यासाठी रचलेला नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात तो मांडला. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळीचा वेग मोजायचा कसा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने मार्ग काढला तो असा: गोळीला एका जड लंबकात रुतू द्यायचं, म्हणजे तिचा प्रचंड वेग लंबकाच्या संथ, मोजता येणाऱ्या झोक्यात उतरतो. लंबकाला एक फीत बांधलेली असे. झोका जितका मोठा, तितकी फीत जास्त ओढली जाई. तेवढी फीत मोजली की झोका कळला. अशा साध्या मापावरून त्याने बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला 1,600 फुटांच्या पुढे असल्याचं काढलं. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंद्यांच्या कामासाठी भारतात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारला.

त्याच्या युक्तीतलं मर्म हे की दिसायला एकच असलेली ही घटना खरं तर दोन घटना आहेत.

पहिली म्हणजे टक्कर. गोळी लाकडात साधारण 10 सेंटिमीटर शिरून थांबते असं धरलं, तर हे सगळं सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उरकतं. तेवढ्यात ओंडका जेमतेम पाव मिलिमीटर सरकतो, त्यामुळे दोऱ्या जवळजवळ उभ्याच राहतात आणि आडव्या दिशेने ओढायला बाहेरचं कोणी नसतं. गोळी ओंडक्याला ढकलते, ओंडका गोळीला तितक्याच जोराने अडवतो. हा दोघांमधला व्यवहार असल्याने एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा गुणाकार, कायम राहतो. ऊर्जेचं तसं नाही. लाकडाचे तंतू फाटतात, गोळी चेपते, दोन्ही तापतात, आवाज होतो. त्यात किती ऊर्जा गेली याचा हिशोब ठेवायची सोय नाही, आणि संवेगाचा नियम हाती असताना गरजही नाही. 0.01 किलो गुणिले 400, म्हणजे 4. हा संवेग आता 4 किलोच्या जोडीकडे आहे, म्हणून जोडीचा वेग सेकंदाला 1 मीटर.

दुसरी घटना म्हणजे झोका. दोरी मीटरभर लांब असेल तर वर पोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. आता गुरुत्वाकर्षण आणि दोरीचा ताण यांना काम करायला भरपूर वेळ मिळतो आणि वरच्या टोकाला संवेग शून्य होतो. इथे संवेगाचा नियम धरून बसलं तर हाती काही लागत नाही. पण या टप्प्यात काही फाटत नाही, चेपत नाही. दोरीचा ताण हालचालीला कायम काटकोनात असल्यामुळे तो ऊर्जा घेत नाही की देत नाही. म्हणून टक्कर संपल्यावर उरलेली 2 ज्यूल गतिज ऊर्जा पुरती उंचीत जाते आणि उत्तर येतं 5.1 सेंटिमीटर.

800 ज्यूलपैकी उरले फक्त 2. उलट्या बाजूने गेलं तर चूक आणखी लपून राहते. 5.1 सेंटिमीटर उंची मोजून कोणी टक्करीवरून उडी मारून थेट ऊर्जा जुळवली, तर गोळीचा वेग येतो सेकंदाला 20 मीटर. हा आकडा 20 मीटर उंचीसारखा हास्यास्पद वाटत नाही, त्यामुळे सहज खपून जातो. मात्र जोरात फेकलेला क्रिकेटचा चेंडूही याहून वेगवान असतो, हे लक्षात आलं की चूक पकडता येते.

चिकटून जाणारी टक्कर म्हणजे जवळपास सगळी ऊर्जा गेली, असाही एक समज यातून तयार होतो. तो खरा नाही. स्थिर वस्तूला धडकून चिकटलं तर उरणारा वाटा हा धडकणाऱ्याच्या वस्तुमानाचा एकूण वस्तुमानातला वाटा असतो. गोळीच्या बाबतीत तो चारशेतला एक होता. तेच 15 ग्रॅमचा कॅरमचा स्ट्रायकर 5 ग्रॅमच्या सोंगटीला चिकटला असता, तर वीसातले पंधरा, म्हणजे तीन चतुर्थांश ऊर्जा शिल्लक राहिली असती.

पण स्ट्रायकर सोंगटीला चिकटत नाही, आणि खरी अडचण इथे सुरू होते. टक्करीनंतर दोघांचे वेग वेगवेगळे, म्हणजे अज्ञात दोन, आणि संवेगाचं समीकरण एकच. दुसरं समीकरण म्हणून ‘गतिज ऊर्जा कायम’ असं लिहायचा मोह होतो, पण तसं लिहायला टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असावी लागते. कॅरमचा तो खणखणीत ‘टक’ आवाजच सांगतो की थोडी ऊर्जा बाहेर पडली.

यावरची वाट न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त, 1687 सालीच दिसते. लंबकांना टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून त्याने पाहिलं की दूर जाण्याचा सापेक्ष वेग हा जवळ येण्याच्या सापेक्ष वेगाच्या ठरावीक पटीत असतो. दाबून बांधलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी ही पट त्याला नवात पाच मिळाली, काचेसाठी सोळात पंधरा. आज ती e या अक्षराने लिहितात. चिकटले तर शून्य, पूर्ण स्थितिस्थापक असेल तर एक.

सेकंदाला 3 मीटर वेगाने येणारा स्ट्रायकर स्थिर सोंगटीला समोरासमोर लागला आणि e 0.8 धरला, तर दोघांमधला वेगाचा फरक 2.4 राहायला हवा. संवेगाच्या समीकरणाबरोबर हे मांडलं की सोंगटी 4.05 ने सुटते आणि स्ट्रायकर 1.65 ने तिच्यामागे जातो. ऊर्जा तपासली तर सुमारे 91 टक्के उरलेली दिसते. ती कधी 100 टक्क्यांच्या वर गेली, तर कुठेतरी चिन्हाची चूक झाली असं खुशाल समजावं.

हा e प्रत्येक जोडीसाठी मोजूनच काढावा लागतो, नुसत्या विचाराने तो मिळत नाही. टेनिसच्या चेंडूची कसोटी नेमकी हीच आहे. नेहमीचा चेंडू 254 सेंटिमीटरवरून कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडला तर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. उंचीच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढलं की e मिळतो, साधारण 0.73 ते 0.76. इथे चेंडूचा संवेग तर सरळ उलटा होतो, कारण जमीन म्हणजे अख्खी पृथ्वी त्या हिशोबात सामील असते आणि तिचा वेग मोजण्याइतका बदलत नाही. स्ट्रायकर कॅरमच्या चौकटीवर आपटून परततो तेव्हाही तेच होतं. तिथे संवेगाचं समीकरण बाजूला ठेवायचं आणि चौकटीच्या लाकडाचा e शोधायचा.