छेदात 36 की 21?

दोन फासे टाकले. बेरीज 8 आली, एवढेच कळले. तर त्यांतल्या निदान एका फाशावर 5 असण्याची संभाव्यता किती? जुन्या प्रश्नपत्रिकांमध्ये असा प्रश्न आकडे बदलून पुन्हा पुन्हा भेटतो. पुष्कळ मुले 8 च्या जोड्या मांडतात: 2 आणि 6, 3 आणि 5, 4 आणि 4. तीन जोड्यांपैकी एकीत 5 आहे, म्हणून उत्तर 1/3. बेरजा बरोबर आहेत, पण उत्तर चूक आहे.

एक फासा लाल आणि दुसरा निळा धरला की चूक दिसते. लालवर 3 व निळ्यावर 5 हा एक निकाल, लालवर 5 व निळ्यावर 3 हा दुसरा. 4 आणि 4 मात्र एकाच प्रकारे येतात. फासे एकाच रंगाचे असले तरी ते पडतात तसेच; रंग फक्त आपल्याला मोजायला मदत करतो. म्हणून नमुना अवकाशात 36 घटक घ्यायचे. क्रम सोडला तर 21 जोड्या उरतात, पण त्या समसंभाव्य नसतात, आणि अनुकूल भागिले एकूण हे सूत्र समसंभाव्य घटकांनाच लागू पडते.

आता अट लावू. बेरीज 8 आहे हे कळताच 36 पैकी 31 घटक बाद होतात. उरतात (2,6), (3,5), (4,4), (5,3), (6,2). त्यांतल्या दोनांत 5 आहे, म्हणून उत्तर 2/5. छेदात 36 ठेवून 2/36 लिहिणारेही असतात. ती ‘बेरीज 8 आणि एका फाशावर 5’ या घटनेची संभाव्यता झाली. प्रश्नात ‘आले असता’, ‘असे समजले’ असे शब्द दिसले की आधी छेद तपासावा.

गॅलिलिओने तीन फाशांचा असाच प्रश्न सोडवला होता. 9 आणि 10 या दोन्ही बेरजा क्रम न धरता सहा-सहा प्रकारे होतात, तरी खेळणाऱ्यांना 10 जास्त वेळा येताना दिसे. क्रम धरून मोजले तर 216 पैकी 9 साठी 25 आणि 10 साठी 27 निकाल मिळतात. 9 मध्ये 3, 3, 3 हा प्रकार आहे आणि तो एकदाच मोजला जातो.

मग पत्त्यांमध्ये क्रम न धरता उत्तर बरोबर कसे येते? 52 पत्त्यांतून एकदम दोन काढले, तर दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता 6/1326, म्हणजे 1/221. क्रम धरला तर 12/2652, तेही 1/221. इथे एकच पत्ता दोनदा येत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडीचे नेमके दोन क्रम होतात आणि अंश-छेद दोन्ही सारखेच दुप्पट होतात. अट इतकीच की अंशात क्रम धरला तर छेदातही धरायचा. पहिला पत्ता परत ठेवून दुसरा काढायचा असेल, तर बदामचा एक्का दोनदा येऊ शकतो. तेव्हा फाशांसारखाच क्रम धरावा लागतो: 2704 पैकी 16, म्हणजे 1/169.